अंबुजाबाईंची सहा अक्षरं

अंबुजाबाईंचं नाव तुम्ही ऐकलेलं असणं शक्य नाही. कुठे छापून आलं असतं तर ऐकलं असतं ना! पण चेन्नईत कुणालाही थांबवून विचारा, त्यांची एखादी तरी ओळ त्याच्या तोंडात सापडेल. कॉफी पावडरीची असेल, छत्र्यांची असेल, नाहीतर उडदाच्या पापडांची. रेडिओवर, टीव्हीवर, बसमधल्या स्क्रीनवर त्या ओळी वाजत असतात, आणि जाहिरातीच्या गाण्यावर कवीचं नाव लिहायची पद्धत नाही. त्यामुळे अख्खं गाव बाईंना गुणगुणतं आणि गावाला बाई ठाऊक नाहीत. आता बोला!

बाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. यजमान व्यंकोजी राव बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी पेपर आणि संध्याकाळी सभेतली कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, एवढंच त्यांचं विश्व. घरात दोघं मराठीच बोलतात, पण ती मराठी तुम्ही-आम्ही बोलतो तशी नाही. शब्द कीर्तनातले जुने, हेल तमिळ, आणि मधेमधे अख्खं तमिळ वाक्य. ‘सगळं’ला ‘अस्की’, ‘म्हणून’ला ‘मणून’. ऐकायला मोठी गोड. बाईंना मात्र तिच्याविषयी मनात एक सल होता. पूर्वी कधीतरी महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींच्या एका समारंभात बाई दोन शब्द बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला हसत हसत सांगितलं होतं, “छान आहे हो, पण ही मराठी नव्हे.” बाईंनी ते ऐकलं. खाली बसल्या त्या पुन्हा तसल्या समारंभाला गेल्या नाहीत.

तरुणपणी बाई स्टुडिओत कोरसला गात. एकदा एका सिरपच्या जाहिरातीची चाल तयार होती, गायिका तयार होती, आणि शब्द लिहिणाऱ्या माणसाचा पत्ता नव्हता. संगीतकार ‘तन्नानना तन्नानना’ करून थकले. मागच्या रांगेतून अंबुजा म्हणाली, “मी सांगू का?” तेव्हापासून बाई हेच करतात. इकडे चाल आधी येते, शब्द मागून. संगीतकार निरर्थक अक्षरांत चाल गाऊन देतो आणि त्या तन्नाननाच्या जागी बाई अर्थ बसवतात. आणि त्यातही त्यांची खरी ख्याती पल्लवीची, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या ओळीची. चार-पाच अक्षरं, एक दणका, खेळ खलास. दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं पापडाचं गाणं गात फिरतात.

तर अशा या बाईंना एके दिवशी आशिषचा फोन आला.

आशिष म्हणजे चेन्नईजवळच्या आवडी गावात, सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेला मुलगा. वडील तिथल्या कारखान्यात होते, घर मूळचं सोलापूरकडचं. आता तो संगीतकार झाला होता आणि मैलापुरातच भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर त्याचा छोटा स्टुडिओ होता. बाईंना तो अक्का म्हणे.

“अक्का, मराठी सिनेमाचं गाणं आहे,” तो म्हणाला. “टायटल साँग. शब्द तुम्ही करा.”

“मी?” बाई म्हणाल्या. “मराठीत?”

“मग काय फ्रेंचमध्ये? तुमची भाषा नाही का ती?”

बाईंनी फोन ठेवला आणि त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. एवढी वर्षं लोकांच्या कॉफीची, लोकांच्या छत्र्यांची गाणी केली, पण स्वतःच्या भाषेत एक ओळ कुणी मागितली नव्हती. आणि सिनेमाचं गाणं म्हणजे पडद्यावर नाव! गीत : अंबुजा राव. त्यांना एकदम रडू आलं आणि हसूही आलं. व्यंकोजी पेपरातून डोकं काढून म्हणाले, “काय झालं मणून रडतीस?” तर म्हणाल्या, “काही नाही. काप्पी करते,” आणि कॉफीला उठल्या.

सिनेमा नीलम नावाच्या मुलीचा होता. मिरजेची पोर, पहिलाच सिनेमा, हाताशी पैसा बेताचा, म्हणून आशिषकडे चेन्नईला आलेली. केस आखूड, बोलणं तडकफडक. पहिल्या भेटीत तिनं बाईंना वाकून नमस्कार केला आणि मग लगेच स्पष्टच सांगून टाकलं, “काकू, राग मानू नका. निर्मात्यांनी पुण्याचे एक कवी ठरवून ठेवलेत. आशिष म्हणाला म्हणून मी तुमच्यासाठी थांबलेय. शुक्रवारी मी परत जाणार. तोवर मुखडा जमला तर गाणं तुमचं, नाहीतर त्यांचं.”

बाईंना मुलगी आवडली. निदान तोंडावर तरी बोलली.

गोष्ट नीलमच्या स्वतःच्या आईवडिलांची होती. वडील रेल्वेत, आई मिशनच्या इस्पितळात नर्स. दोघांच्या पाळ्या सतत उलट्या. एक घरी यायचं तेव्हा दुसरं निघायचं. त्यांच्या संसाराची वर्षानुवर्षं अशीच दाराच्या उंबऱ्यावर गेली. गाण्यात हे यायला हवं होतं.

आशिषनं चाल ऐकवली. कडव्यांची चाल लांब, बोलल्यासारखी चालणारी. आणि मुखडा एवढासाच : तना तना नाना. पाचव्या अक्षरावर, त्या ‘ना’ वर, सूर चढून तिथेच रेंगाळायचा, तबला थांबायचा, आणि मग सगळं हळूच खाली उतरायचं. बाईंनी एकदाच ऐकली आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

“दोन दिवस दे,” त्या म्हणाल्या.

आणि इथेच बाईंनी घोळ घातला. तमिळमध्ये पाच अक्षरांत पापड विकणारी ही बाई, मराठी म्हटल्याबरोबर जणू सोवळं नेसून बसली. त्यांच्या घरात मराठी म्हणजे आजोबांच्या कीर्तनातली भाषा, देवघरातली भाषा. तिच्यात लिहायचं तर हलकं-सलकं कसं लिहायचं? त्यात तो पुढच्या रांगेतला गृहस्थ मनात येऊन बसलेला. त्याला दाखवून द्यायचं होतं ना! बाईंनी आठवून आठवून एकेक भरजरी शब्द काढला आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावर जाऊन गाऊन दाखवलं :

द्वारी उभी मी तिष्ठत सजणा, नयनदीप हे उजळुनिया.

सहा अक्षरांच्या जागेत एवढी वरात! बाईंना स्वतःलाच कळत होतं की शब्द चालीबाहेर सांडताहेत, म्हणून त्यांनी आशिषला चालच थोडी लांब करायला सांगितली. आणि आशिषचाही मूर्खपणा बघा, अक्काचा मान राखायचा म्हणून त्यानं ती केली. तो रेंगाळणारा सूर गेला, तबल्याचा थांबा गेला.

नीलम ऐकत होती. 

“सुंदर आहे,” ती म्हणाली. “खरंच. पण काकू, मी आत्ता ऐकलं आणि मला परत म्हणता येत नाहीये. ‘नयनदीप’च्या पुढे काय होतं?”

 हाच प्रश्न बाई स्वतः जन्मभर नवशिक्यांना विचारत आल्या होत्या.

“आणि माझी आई कधी तिष्ठत उभी राहिली नाही हो,” नीलम हसून पुढे म्हणाली. “ती थेट झोपायची. सकाळी ड्युटी असायची तिला.”

अगदी खरं सांगायचं तर बाईंना अपमान वाटला. जिना उतरताना त्या मनात म्हणाल्या, दे तुझ्या पुण्याच्या कवीलाच. पण रस्त्यावर येईपर्यंत राग ओसरला आणि नुसती लाज उरली. पोरगी चुकीचं काय बोलली? भाषा आपलीच, मग तिला पाहुण्यांसमोर बसवल्यासारखं कशाला नटवायचं?

घरी येऊन त्यांनी ठरवलं, आता धंद्याच्या रीतीनंच करायचं. पहिली गोष्ट, आशिषला फोन करून चाल पुन्हा होती तशी करायला लावली. “अक्षरं मी कापते. तू सुराला हात लावू नकोस,” म्हणाल्या. दुसरी गोष्ट, लांब सुरावर तोंड उघडं राहील असं अक्षर हवं. ‘आ’ असला तर उत्तम. तिथे ‘ई’ किंवा ‘उ’ आला की गायिकेचा गळा आवळला जातो आणि ऐकणाराही अवघडतो. तिसरी गोष्ट, शब्द रोजचे. झालं, मग हात सैल सुटला. कामवाली भांडी घासून जायच्या आत मुखडा तयार :

ये ना ये ना राया.

‘रा’ बरोबर लांब सुरावर. चाल कशी अंगासरशी बसली होती!

नव्या ओळीची परीक्षा घ्यायची बाईंची एक जुनी तऱ्हा होती. भांड्यांच्या दुकानापुढे कामाक्षी नावाची फुलवाली बसे. बाई तिच्यापाशी जात, मोगरा बांधून घेता घेता नवी ओळ दोनदा गुणगुणत, मग मुद्दाम विषय बदलून तिच्या सुनेच्या कागाळ्या ऐकत. निघताना कामाक्षीच्या तोंडात ओळ आली तर पास. तिला गाण्यातलं काही कळायची गरज नव्हती, उलट कळत नव्हतं हेच बरं. त्या दिवशी कामाक्षीला मराठीचं अक्षर कळत नसताना, सुनेची कहाणी पुरती संपायच्याही आधी ती दोरा ओढता ओढता म्हणायला लागली, “येना येना राया...”

बाई उड्या मारायच्याच बाकी होत्या. जिना चढून वर गेल्या तर आशिषही खूश. त्यानं ढोलक घालून लगेच वाजवून पाहिलं. स्टुडिओतला इंजिनिअर, जो कधी मान वर करत नसे, तोसुद्धा बोटांनी टेबल वाजवायला लागला.

नीलमनंही ऐकलं. तिचंही डोकं हललं, पाय हलला. आणि मग तिचा चेहरा हळूहळू पडला.

“काय झालं?” आशिषनं विचारलं.

“छान आहे रे. डोक्यातून जाणारच नाही.” ती शब्द शोधत होती. “पण हे कुणीही कुणालाही म्हणेल. लावणीत चालेल, कॉलेजच्या सिनेमात चालेल. माझ्या सिनेमाचं यात काय आहे? मिरज कुठे आहे? ते दार कुठे आहे?”

“अगं, दाराचं कडव्यात सांगू की,” आशिष म्हणाला.

“कडवं कोण लक्षात ठेवतं? लोक घरी नेतात ती हीच ओळ ना!”

आता मात्र बाईंना खरंच धक्का बसला.  त्यांच्या जाहिरातींत शेवटी कंपनीचं नाव यायचं. ‘ये ना’ म्हटलं की मागून छत्रीचं नाव येई आणि काम होई. ओळ रिकामी असली तरी पिशवीत माल दुसऱ्याचा असायचा. इथे माल ओळीतच हवा होता. एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

“नीलम,” त्या हळूच म्हणाल्या, “दारात तुझे वडील काय बोलत होते आईशी?”

“ते मला काय ठाऊक, काकू? सिनेमात तर मी त्यांना नुसतं बघताना दाखवलंय.”

“एकमेकांना अहो-जाहो?”

“छे! अरे-तुरे. इस्पितळातच जमलं होतं त्यांचं. त्यावरून आजी मरेपर्यंत चिडलेली होती.”

त्या दिवशी गुरुवार होता. नीलमनं कुणाला न दुखवता सांगितलं की ती उद्या दुपारच्या गाडीनं निघेल, आणि सकाळपर्यंत काही झालं नाही तर पुण्याला कळवेल. बाई घरी आल्या. स्वयंपाक केला, तो अळणी झाला. व्यंकोजींनी निमूटपणे मीठ घेतलं, आणि बायकोचा चेहरा पाहून मग विचारलं, “काय मणते ती मुलगी?”

“मणते, चिकटतं पण काही सांगत नाही. आधीचं अस्की सांगत होतं तर चिकटत नव्हतं.” बाईंचे डोळे भरून आले. “मला येत नाही हो मराठी. लोक मणतात ते बरोबर आहे.”

व्यंकोजींना बायकोची समजूत घालता येत नसे. उभ्या जन्मात आली नव्हती. त्यांनी ताट उचललं, बायकोचंही उचललं आणि दोन्ही घासून ठेवली. त्यांच्याकडून एवढंच व्हायचं, आणि बाईंना ते कळायचं.

शुक्रवारी सकाळी बाई निघाल्या त्या खरं तर निरोप द्यायला. मुलगी परत चाललीय, रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून डब्यात तिच्यासाठी दहीभात आणि मोर मिळगाय, म्हणजे आपल्या सांडगी मिरच्या, भरून घेतल्या. व्यंकोजी न्हाणीघरात होते. बाईंनी चपला घातल्या आणि रोजच्यासारखं दारातून आत ओरडल्या, “मी येते! कडी लावू नका!”

आणि पायरीवरच थांबल्या.

हे वाक्य त्या लग्न झाल्यापासून म्हणत होत्या. कोरसच्या दिवसांत रेकॉर्डिंग कधी संपेल याचा नेम नसायचा. व्यंकोजींना सकाळी बँक. मग निघताना सांगायचं, कडी लावू नका, म्हणजे मी आपली आपण आत येईन, तुम्हाला उठायला नको. व्यंकोजी दाराला आतून एक खुर्ची टेकवून ठेवायचे आणि झोपायचे. कडी नाही याचा अर्थ एवढाच होता का? मी परत येणार आहे. तुम्ही जागू नका. हे घर माझंही आहे. सगळं त्यातच होतं, आणि कुणी कधी ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. दोन पाळ्यांच्या घरात दुसरं काय बोलत असतील माणसं? ‘नयनदीप’ बोलत असतील?

बाई तिथेच, पायरीवर उभ्या राहून, बोटांवर ताल धरून म्हणायला लागल्या. कडी लावू नका. छे, बसत नाही. ‘लावू’ मधेच येतो आणि लांब सुरावर ‘न’ आखडतो. सिनेमातली नवराबायको अरे-तुरेवाली, तेव्हा ‘नको’. शब्द फिरवले तर? कडी नको... तना तना... ‘ला’ वर सूर चढला, तोंड उघडं राहिलं, तबला थांबला, आणि ‘वू’ वर सगळं अलगद खाली उतरलं.

कडी नको लावू.

“अगोबाई!” बाई मोठ्यानं म्हणाल्या. शेजारची सरोजा दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढत होती, तिनं दचकून वर पाहिलं. बाईंनी रिक्षा केली. एवढ्याशा अंतराला त्या कधी रिक्षा करत नसत.

माळ्यावर नीलम बॅग भरून बसली होती. बाईंनी डबा तिच्या हातात दिला, बसल्यासुद्धा नाहीत. दम लागलेला, तशाच उभ्यानं त्यांनी गायलं :

कडी नको लावू, कडी नको लावू,
पहाटेस येईन, तू नको जागू,
कडी नको लावू.

आशिषनं पेटीवर हात ठेवला होता तो तसाच राहिला.  नीलम अगदी नकळत, डबा मांडीवर घेऊन, खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच म्हणाली, “कडी नको लावू...” एकदाच ऐकून, सुरासकट.

“पहिल्या कडव्यात तो निघतो,” बाई घाईघाईनं सांगत होत्या, जणू कुणी मध्येच थांबवेल. “डबा, कंदील, स्टेशन. आणि मुखड्यावर यायचं. दुसऱ्यात ती निघते. पांढरी साडी, इस्पितळ, आणि पुन्हा तोच मुखडा, आता तिच्या तोंडी. शब्द एक अक्षरानं बदलायचा नाही. बोलणारं माणूस बदललं की अर्थ आपोआप बदलतो. मुद्दाम ‘येईन’ घातलंय, बाईच्या तोंडी चालतं, बाप्याच्याही.”

“आणि तिसऱ्यात?” आशिषनं विचारलं.

बाईंनी नीलमकडे पाहिलं. “तिसऱ्यात मुलगी निघते. बॅग घेऊन, सिनेमा करायला. आईला मणते.”

नीलमनं तोंड फिरवलं. ती रडत होती, आणि रडताना कुणी पाहिलेलं तिला आवडत नसावं. आशिष उगाचच वायर गुंडाळायला लागला. बाई मात्र तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग नीलम नाक पुसून म्हणाली, “गाडी दुपारची आहे. उद्याचं तिकीट मिळेल का बघ रे आशिष.”

पुण्याला तिनं तिथूनच फोन केला. काय बोलली ते बाईंनी ऐकलं नाही. त्या कडवी जुळवत बसल्या होत्या, आणि त्यांची कडवी इतकी सरसर येत होती की आशिष म्हणाला, “अक्का, आजवर कुठे लपवून ठेवलं होतंत?” बाई म्हणाल्या, “गप रे, लिहू दे.” ‘तिष्ठत’ आणि ‘नयन’ त्यांनी कशातच येऊ दिले नाहीत. एका ठिकाणी मात्र त्यांचा तंजावरचा एक शब्द आला. तो खोडायला त्यांनी पेन उचललं, तर नीलमनं हात धरला. म्हणाली, “राहू दे. कळतोय.”

संध्याकाळी कोरसच्या चार बायका आल्या. सगळ्या तमिळ, बाईंच्या जुन्या सोबतिणी. त्यांना बाईंनी तमिळ लिपीत ओळी लिहून दिल्या. अर्थ विचारल्यावर सांगितला, तर त्यांच्यातली हरिप्रिया म्हणाली, “आमच्याकडेही असंच सांगून निघायचे सगळे.” एवढं बोलून ती माइकसमोर उभी राहिली. पहिल्याच टेकला मुखडा असा आला की इंजिनिअरनं दुसरा घ्यायचा का म्हणून विचारलंच नाही. व्यंकोजी बायकोला न्यायला आले होते. ते दारापाशी, चपला काढून, हात जोडल्यासारखे उभे होते.

सगळं आटपल्यावर नीलमनं कच्चं रेकॉर्डिंग फोनवर घेतलं. “बाबांना ऐकवते,” ती म्हणाली. “थांबा ना काकू, दोन मिनिटं.”

तिनं फोन स्पीकरवर टाकला. मिरजेहून एक घोगरा, म्हातारा आवाज आला, “बोल गं.” तिनं काही न सांगता गाणं लावलं. पहिलं कडवं झालं, मुखडा आला, पुन्हा आला.  गाणं संपलं.

“बाबा? ऐकलंत का?”

“तुला कुणी सांगितलं हे?” म्हाताऱ्याचा आवाज बदलला होता. “कडीचं. तू तर तेव्हा झोपलेली असायचीस.”

नीलमनं बाईंकडे बघितलं. तिचं तोंड उघडं ते उघडंच. “मी नाही सांगितलं, बाबा. मला माहीतच नव्हतं. इथल्या काकूंनी लिहिलंय.”

“कुठल्या आहेत त्या? मिरजेच्या?”

“नाही. मद्रासच्या. कायमच्या इथल्याच.”

“चेष्टा करतेस का?” म्हातारा म्हणाला. “अगं, ही आमच्या घरातली मराठी आहे. दे त्यांच्याकडे फोन.”

नीलमनं फोन पुढे केला. अंबुजाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांनी एकदा व्यंकोजींकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि आपल्या त्या जुन्या, तमिळ हेलाच्या मराठीत, काहीही न सुधारता, बोलायला सुरुवात केली, “नमस्कार. मी अंबुजा मणून. आमच्या घरीही असंच मणतात हो.”